मलमलीचं खरं माप

डबल गॉजचं, म्हणजे विरळ विणीच्या दोन थरांच्या मलमलीचं, नवं कापड पहिल्यांदा पाण्यातून काढलं की एक तक्रार हमखास ऐकू येते. घडी उलगडली तेव्हा सपाट आणि गुळगुळीत असलेलं कापड वाळून हातात येतं ते सुरकुतलेलं, फुगलेलं आणि चारी बाजूंनी आत ओढलेलं. ‘बिघडलं’ म्हणत माणसं त्यावर गरम इस्त्री फिरवतात, ओढूनताणून पुन्हा पहिल्यासारखं सपाट करतात आणि मग कापायला घेतात. मला हे सगळं उलटं वाटतं. घडीतलं सपाट कापड ही मागावर आणि कारखान्यात ताणून ठेवलेली अवस्था असते. पाण्यातून निघालेलं कापड हेच त्याचं खरं रूप, आणि बाळाचं दुपटं असो की उन्हाळी कुडता, माप त्या रूपाचंच धरायचं असतं.

हे कळायला एक सोपी गोष्ट करावी. न धुतलेला तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरावा. साध्या चादरीच्या कापडात प्रत्येक दिशेला एका इंचात शंभरच्या आसपास धागे दाटीने बसलेले असतात, त्यामुळे उजेड अडतो. गॉजच्या एका थरात त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी धागे असतात. वीण तीच, एक धागा वरून, एक खालून. पण दोन धाग्यांच्या मधे मोकळी जागा. उजेडात ती बारीक चौकटींची जाळी स्पष्ट दिसते. या कापडाची सगळी करामत आणि सगळी कटकट त्या मोकळ्या जागेतून येते. वारा तिथूनच आरपार जातो, कापड आटतं ते तिथेच, मऊ व्हायला वाव मिळतो तो तिथेच आणि टीप सरकते तीही तिथेच.

आटतं म्हणजे नेमकं काय होतं? सुताचा तंतू पाण्याने आखडून लांबीला कमी होतो असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात कापसाचा तंतू भिजला की जाडीने चांगला फुगतो, लांबीला मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. तंतू फुगले की त्यांचा पिळलेला धागाही जाड होतो. आता उभ्या धाग्याला प्रत्येक आडव्या धाग्यावरून वळसा घालून जायचं असतं, आणि तो आडवा धागाच जाड झाल्यावर वळसा मोठा होतो. धाग्याची एकूण लांबी तर ठरलेली. मग तो जास्तीचा वळसा भरून काढायला कापडाची दोन टोकं एकमेकांकडे सरकतात. धागा तेवढाच राहतो, फक्त सरळ जाण्याऐवजी जास्त नागमोडी जातो. वाळल्यावर तंतू पुन्हा बारीक होतात, पण धाग्याला सरळ ओढणारं आता कुणी नसतं, म्हणून तो त्याच वळणात राहतो.

याला ताण सुटण्याची भर पडते. मागावर उभे धागे घट्ट ताणलेले असतात, पुढे रंगवताना आणि वाळवतानाही कापड लांबीच्या दिशेने ओढलं जातं. पहिल्या धुण्यात हा साठलेला ताण सुटतो, म्हणून बहुतेक वेळा कापड उभ्या दिशेने जास्त आटतं. पण हा नियम डोळे झाकून धरू नये. पन्हा भरपूर दिसावा म्हणून कारखान्यात काही कापडं रुंदीलाही चांगली ताणलेली असतात. ती मग आडवीच जास्त आटतात. दाट विणीच्या कापडात धागे आधीच एकमेकांना खेटून असतात, सरकायला जागा नसते, म्हणून ती त्या मानाने कमी आटतात. गॉजमधे जागाच जागा. डबल गॉज पाच ते दहा टक्के आटलं तर ते कापड वाईट आहे असं अजिबात समजू नये.

कापड विकण्याआधीच यंत्रावर दाबून आटवून घेण्याची एक पद्धत आहे. सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३० साली तिचं पेटंट घेतलं आणि त्यांच्याच नावावरून ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का शर्टाच्या कापडांवर आला. गॉज बहुतेकदा नुसतं ‘धुतलेलं’ म्हणून मिळतं. पण कारखान्यातल्या धुण्यावर मी तरी विसंबत नाही, कारण धुतल्यानंतर ते पुन्हा ताणून वाळवलं की नाही हे बाहेरून कळत नाही.

डबल गॉजच्या सुरकुत्यांचं कारण आणखी वेगळं आहे. हे दोन थर मागावर एकाच वेळी विणले जातात आणि ठरावीक अंतरावर, साधारण सेंटिमीटरभराने, एका थराचा धागा दुसऱ्या थरात जाऊन परत येतो. त्या टिंबांपाशी थर बांधलेले, मधे मोकळे. दोन थर हलकेच चिमटीत धरून वेगळे केले तर हे बांधलेले ठिपके ओळीने दिसतात. पाण्यात ताण सुटला की मोकळ्या भागातले धागे फुगतात, त्यांचा पीळ उलगडू पाहतो, आणि जाणार कुठे? ते वर उचलले जातात. ठिपके तेवढे खाली राहतात. म्हणून कापड खडबडीत दिसतं आणि हाताला उशीसारखं लागतं. उन्हाळ्यात हे अंगावर बरं वाटतं त्याचं अर्धं श्रेय या उंचवट्यांना आहे. कापड घामाला पूर्ण सपाट चिकटत नाही, ठिकठिकाणी कातडीपासून सुटं राहतं आणि मधून हवा फिरते.

इथेच इस्त्रीचा घोळ होतो. या कापडाला एकच एक लांबी नसते. सुरकुतलेलं असताना एक माप, वाफेच्या इस्त्रीने सपाट केल्यावर दुसरं. भिजण्याने आणि वाफेने तंतूंच्या आतले बारीक बंध सैल होतात आणि वाळताना ज्या आकारात धराल त्या आकारात पुन्हा जुळतात. इस्त्रीने ताणून सपाट केलेलं कापड त्या लांबीला थांबतं खरं, पण पुढच्या पाण्यापर्यंतच. असं कापड मापात कापून शिवलं की पहिल्या धुण्यात बाही आखूड, दुपटं तोकडं. म्हणून कापण्याआधी माझ्याकडे इस्त्री बंद. फार तर तळहाताने सारखं करायचं, ओढायचं नाही.

भाचीला बाळ होणार होतं तेव्हा तिने स्वतः दुपटी शिवायची ठरवली आणि किती कापड घेऊ म्हणून मला विचारलं. तिला तयार दुपटं शंभर बाय शंभर सेंटिमीटर हवं होतं.

“मावशी, एक मीटरच लागणार ना? मग थोडं जास्त घेते.”

“थोडं म्हणजे किती, ते कापडालाच विचारू,” मी म्हटलं.

तिने आधी एक लहान तुकडा आणला. त्यावर काठापासून दूर, पन्नास बाय पन्नासचा चौकोन मोजून कोपऱ्यांना रंगीत दोऱ्याचे टाके घातले. खडूच्या खुणा धुण्यात जातात, टाके राहतात. कोणती बाजू उभ्या धाग्याची हेही टाक्याने लिहून ठेवलं, कारण धुतल्यावर ते ओळखणं कठीण जातं. काठ असेल तर तो नेहमी उभ्या धाग्याला समांतर असतो. मग बाळाचे कपडे पुढे ज्या पाण्यात आणि ज्या पद्धतीने धुतले जाणार होते तसाच तो तुकडा तीनदा धुऊन वाळवला. एकदा धुऊन भागत नाही. सगळ्यात जास्त आटतं ते पहिल्यांदा, पण दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही थोडं उरलेलं निघतं. थंड पाण्यात चाचणी घेऊन पुढे गरम पाण्यात धुणं यालाही अर्थ नाही. गरम पाणी आणि यंत्रातली घुसळण दोन्ही आटणं वाढवतात.

तुकडा न ओढता टेबलावर पसरून मोजला. उभ्या दिशेने शेहेचाळीस, आडव्या दिशेने अठ्ठेचाळीस. म्हणजे पन्नासात चार गेले, आठ टक्के. आणि पन्नासात दोन गेले, चार टक्के. दुपट्याच्या कडा दोनदा दुमडून शिवायच्या तर प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर माया हवी, तेव्हा धुतल्यानंतर कापायचं माप एकशे तीन. इथे पुष्कळजण एकशे तीनाचे आठ टक्के काढून त्यात मिळवतात. ते बरोबर नाही, कारण टक्के आटण्याआधीच्या लांबीवर मोजलेले असतात. म्हणून भागायचं. १०३ भागिले ०.९२ म्हणजे जवळजवळ ११२. एवढी लांबी प्रत्येक दुपट्याला. आठ टक्क्यांना बेरीज आणि भागाकार यांत फरक सेंटिमीटरभराचाही पडत नाही, पण पंधरा टक्के आटणाऱ्या कापडात तो जवळजवळ तीन सेंटिमीटरवर जातो.

खरी अडचण पन्ह्याची होती. लांबी वाढवून घेता येते, पन्हा आहे तेवढाच. भाचीने पाहिलेल्या कापडाचा पन्हा एकशे दहा होता. चार टक्के आटून तो एकशे पाच पूर्णांक सहा होणार, त्यातून दोन्ही काठ सेंटिमीटरभर कापायचे, म्हणजे उरणार एकशे तीन पूर्णांक सहा. जेमतेम बसलं. काठ ठेवून शिवू नये. काठाची वीण दाट असते, ती उरलेल्या कापडाइतकी आटत नाही आणि कडेला लाटा येतात. कापड वाकडं कापून आलेलं असेल तर सरळ करण्यात काही सेंटिमीटर जातात, म्हणून एका दुपट्याला एकशे वीस घ्यायला सांगितलं.

सरळ करायचं ते धागा ओढून. एक आडवा धागा हलकेच ओढत नेला की त्याच्या जागी बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवायची. धागा मधेच तुटला तर तिथवर कापून पुढचं टोक शोधायचं. वेळ जातो, पण गॉजवर पट्टी ठेवून आखलेली रेघ सरळ दिसते आणि नसते, कारण धागे तिच्याखाली तिरपे झालेले असतात. तिरपं कापलेलं दुपटं पुढच्या धुण्यात आपल्या खऱ्या धाग्यावर येतं आणि चौकोनाचा पतंग होतो.

शिवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली दोऱ्याची. बाजारातला बहुतेक शिवणदोरा पॉलिस्टरचा असतो आणि तो आटत नाही. कापड न धुता शिवलं तर धुतल्यावर कापड आखूड होतं, दोरा तेवढाच राहतो आणि टीप चुणीदार होते. लेस किंवा तयार पट्टी लावली असेल तर तीही अशीच फुगते. लोक शिलाईयंत्राला दोष देतात, खरं कारण हे. दुसरी गोष्ट, यंत्राच्या पायाचा दाब कमी करायचा आणि सुई बारीक, नवी घ्यायची. दाब जास्त असला तर पाय वरचा थर पुढे ढकलत नेतो आणि कडा लाटेसारखी होते.

सुटे धागे मात्र बाळाच्या बाबतीत गंभीर आहेत. गॉजच्या कापलेल्या कडेतून धागे सारखे निघत राहतात, आणि असा एखादा लांब धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर तो रुतून रक्त अडू शकतं. बाळाला ते सांगता येत नाही, ते नुसतं रडतं. म्हणून कड दोनदा दुमडून आत बंद करायची, आतल्या बाजूला कच्ची कड ठेवायची नाही, आणि धुतल्यावर दर वेळी एकदा बोटं फिरवून सुटे धागे कापून टाकायचे. मधल्या भागात एखादा धागा ओढला जाऊन फास वर आला तर मात्र कापू नये. त्याच धाग्याच्या रेषेत दोन्ही बाजूंनी कापड हळूहळू ताणत गेलं की तो बराचसा आत परततो. कापला तर तिथून भोक पडतं.

आता मऊपणाकडे. पहिल्या काही धुण्यांत गॉज झपाट्याने मऊ होतं याला तीन कारणं आहेत. विणण्याआधी उभ्या धाग्यांना खळ लावलेली असते, आणि नंतर कापड छान पडावं म्हणून त्यावर काही लेप दिलेला असतो. त्यातलं उरलंसुरलं निघून जातं. ताण सुटल्यामुळे धागे एकमेकांवर घट्ट दाबलेले राहत नाहीत, कापड वळवलं की सहज सरकतात. आणि धाग्यातून तंतूंची बारीक टोकं बाहेर येतात, ती कातडीला आधी लागतात. दाट कापडातही हे होतं, पण तिथे धाग्यांना हलायला जागा नसल्यामुळे फरक एवढा जाणवत नाही.

तरीही सावलीत, वारा नसताना दोरीवर वाळलेलं दुपटं पापडासारखं कडक होतं, ते का? तंतूंच्या पृष्ठभागाला चिकटून राहिलेलं थोडं पाणी शेजारच्या तंतूंना एकमेकांशी जोडून ठेवतं. हलवलं नाही तर हे जोड टिकतात. वाळत घालताना जोरात झटकलं, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा झटकून हातात चुरगाळलं की ते सुटतात आणि कापड लगेच मऊ पडतं. पाणी जड असेल तर कडकपणाचं कारण वेगळं असू शकतं. साबण आणि क्षार मिळून जो चिकट थर बसतो तो झटकून जात नाही, त्याला भरपूर पाण्यात खळबळून काढावं लागतं. कपडे मऊ करणारं द्रव्य मी गॉजला वापरत नाही. ते तंतूंवर पातळ थर देतं, हाताला गुळगुळीत लागतं, पण पाणी शोषण्याची ताकद कमी करतं. बाळाची लाळ टिपायला घेतलेलं कापड पाणी नुसतं ढकलायला लागलं तर मऊ असून उपयोग काय?

उन्हाळी कपड्यांचं म्हणाल तर मोकळी वीण इथे सगळ्यात जास्त परीक्षा देते. ताण पडला की धागे टिपेपासून सरकतात. टीप शाबूत असते, पण तिच्या शेजारी शिडीसारखी जाळी उघडते. कुडत्यात हे बगलेत आणि पाठीवर आधी दिसतं, म्हणून अंगाबरोबर बसणारा कपडा गॉजचा शिवूच नये. पाठीला आणि छातीला ऐसपैस घेर, दीड सेंटिमीटर माया, आणि कड आत बंद होणारी दुहेरी शिवण, एवढं असलं तर टिकतं. घट्ट विजार या कापडाची शिवायची असा कुणाचा हट्ट असेल तर मी सरळ नाही म्हणते. आणि एक गैरसमज फार पसरलेला आहे. पांढरं गॉज उन्हात थंड वाटतं म्हणून ते उन्हापासून वाचवतं असं नाही. जिथून उजेड दिसतो तिथून सूर्याचे कातडी भाजणारे किरणही आत येतात. पातळ एकेरी गॉज घालून दुपारभर उन्हात राहिलं तर आतून कातडी करपू शकते. धुऊन आटलेलं कापड या बाबतीत नव्यापेक्षा बरं असतं, कारण जाळीची भोकं लहान झालेली असतात.

बाळासाठीही ‘पातळ आहे, हवा लागतेच’ हे गृहीत धरू नये. दोन थर म्हणजे मधे अडकलेली हवा, आणि चार किंवा सहा थरांच्या दुपट्यात ती इतकी अडकते की ते चक्क उबदार होतं. उन्हाळ्यात गुंडाळायला एकेरी किंवा दोन थरांचंच घ्यावं, खांद्यांच्या खाली राहील असं गुंडाळावं, पाय गुडघ्यातून वाकवून हलवता येतील एवढं सैल ठेवावं, बाळाला पाठीवरच झोपवावं आणि ते कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं थांबवावं. घाम आला आहे का ते मानेच्या मागे हात लावून कळतं, हातपाय थंड असले म्हणून बाळ गारठलं असं नसतं. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून मलमलीचं दुपटं पांघरण्याची सवय तर सोडूनच द्यावी. कापड कितीही विरळ असलं तरी ते गाडीचं तोंड बंद करतं, आतली हवा फिरत नाही आणि तापमान चढत जातं. सावली छत्रीने करावी, बाळ दिसत राहील अशी.

दुपटं किती दिवस वापरावं हेही उजेडातच कळतं. सुरुवातीला प्रत्येक धुण्याबरोबर कापडातून कमी उजेड येऊ लागतो, जाळी भरत जाते. तो काळ मऊपणा नफ्यात मिळण्याचा. मग एक मोठा काळ काहीच बदलत नाही. आणि त्यानंतर उजेड पुन्हा वाढायला लागतो, पण आता सगळीकडे सारखा नाही, घडीच्या रेषांवर आणि कोपऱ्यांत पांढरट पट्टे दिसतात. कापड अजूनच मऊ लागतं, कारण तंतू तुटून निघून गेलेले असतात. वाळवणाऱ्या यंत्राच्या जाळीत जो कापूस साठतो तो याच धाग्यांचा. यंत्रात वाळवलेलं दुपटं दोरीवरच्या दुपट्यापेक्षा मऊ, पण लवकर विरतं ते यामुळे. पट्टे दिसले की ते बाळाभोवती गुंडाळायचं बंद करावं, कारण आता कुठलाही धागा केव्हाही सुटा होऊ शकतो. मधला चांगला भाग कापून, कडा दुमडून मोठ्यांसाठी घाम टिपायचे रुमाल होतात. त्यांना आटण्याचा हिशेब करावा लागत नाही.